तिसरं वेष्टन

मंगळवारी सकाळी साडेआठला हॉस्पिटलच्या संगणक विभागातला फोन वाजला आणि मग दहा वाजेपर्यंत तो बंदच झाला नाही. विभाग म्हणजे काय, तर एक्स-रेच्या मागची अरुंद खोली, दोन टेबलं, एक कुरकुरणारा एसी आणि दोन माणसं. एक नेटवर्कवाले काका. ते निवृत्तीला टेकले होते आणि सगळ्या जगावर रागावलेले असायचे. दुसरी ती. रुग्णांच्या नोंदींचा सगळा प्रोग्राम तिने एकटीने लिहिला होता, पण आठ वर्षांत हॉस्पिटलात कुणी तिला नावाने हाक मारली असेल तर शपथ. सगळ्यांची ती 'कॉम्प्युटरवाली'.

"कॉम्प्युटरवाली मॅडम, स्क्रीनवर भलतंच काहीतरी उमटतंय," पहिल्या वॉर्डातून फोन. "काहीतरी व्हायरस आलाय," दुसऱ्यातून. आणि मग मोठ्या मॅडमचा, म्हणजे हॉस्पिटलच्या अधीक्षकांचा फोन. त्यांनी काही विचारलं नाही. "वर या," एवढंच म्हणाल्या.

वर मोठ्या मॅडमसमोर तिसऱ्या वॉर्डचे डॉक्टर बसले होते. त्यांनी मोबाइल तिच्यापुढे सरकवला. वॉर्डच्या स्क्रीनचा फोटो होता, एकच ओळ मोठी करून काढलेली: 'ऑक्सिजन &lt; 92 झाल्यास लगेच फोन'.

"मी शनिवारी लिहिलं होतं, ब्याण्णवच्या खाली गेल्यास लगेच फोन करा," डॉक्टर म्हणाले. "खालीचं चिन्ह टाकलं होतं. काल दुपारी पेशंटचा ऑक्सिजन एक्क्याण्णव झाला आणि सिस्टरने वीस मिनिटं फोन केला नाही. अठ्ठ्याऐंशी झाल्यावर केला. आता माझ्या ओळीत हा कचरा. शेवटचं सेव्ह काल तीन पन्नासला, सिस्टरच्या नावाने. म्हणजे सगळं होऊन गेल्यावर. उद्या म्हणायला मोकळी, की मला वाचताच आलं नाही."

पेशंट म्हणजे एक म्हातारे शिंपी. आयसीयूत होते आणि जिवावरचं टळलं होतं. पण टळलं म्हणून प्रश्न मिटला नव्हता.

"सिस्टर म्हणते, ही ओळ तिथे नव्हतीच," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "वॉर्डच्या नियमाप्रमाणे नव्वदच्या खाली फोन करायचा असतो, तसा मी केला, म्हणते. मला चार वाजेपर्यंत सांगा, नोंदीत ढवळाढवळ झाली की नाही. झाली असेल तर तिची नोकरी जाईल आणि कौन्सिलकडे तक्रारही जाईल. मग ती कुठेच नर्स राहणार नाही." जरा थांबून त्या म्हणाल्या, "ती तुमची जाऊ आहे, हे मला ठाऊक आहे. दुसरं कुणी असतं तर तुम्हाला सांगितलं नसतं. पण हा प्रोग्राम कळणारं दुसरं कुणी नाही."

डॉक्टरांनी छताकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ तिला चांगला कळला.

धाकटी जाऊ. एकाच घरात, एकाच ओट्यावर चार वर्षं. तिच्या नोकरीसाठी शब्द टाकला होता तो हिनेच. मुलगी कामाला वाघीण, पेशंट तिच्यावर जीव टाकायचे, यात वाद नव्हता. पण जिना उतरताना कॉम्प्युटरवालीला आठवलं ते भलतंच. गेल्या महिन्यात मिक्सरचं भांडं तडकलं तेव्हा धाकटीने ते गुपचूप तडा भिंतीकडे करून ठेवलं होतं. विचारल्यावर म्हणाली, "मला काय ठाऊक?" दोन दिवसांनी कबूल केलं आणि हसली. तेव्हा हीसुद्धा हसली होती. आता त्या हसण्याचं काय करावं ते तिला सुचेना. भांड्याबद्दल खोटं बोलणारी माणसं नोकरीवर आलं की किती खोटं बोलतात, असा विचार तिच्या मनात आला आणि तिला स्वतःची लाज वाटली. पण विचार काही गेला नाही.

धाकटीला स्टाफरूममध्ये बसवून ठेवलं होतं. युनिफॉर्म नीटनेटका, हात मांडीवर, डोळे सुजलेले.

"काल त्या शिंपीकाकांची शीट तू किती वेळा सेव्ह केलीस?"

"दोनदा. सकाळी ताप लिहिला तेव्हा, आणि अडीचला बीपी घेतलं तेव्हा."

"आणि तीन पन्नासला?"

"तीन पन्नासला मी आयसीयूत होते, ताई. पेशंटला घेऊन मीच गेले ना! अर्ध्या तासाने परत आले."

"आयसीयूतलं कुणी सांगेल?"

"त्यांना मी आलेली आठवतेय. कधी गेले ते कोण बघतं? तिथे सगळ्यांची धावपळ."

"सेव्ह तर तुझ्या नावाने आहे."

"स्क्रीन उघडीच होती माझ्या नावाची. सगळ्यांची असते. दर वेळी पासवर्ड घालत बसलो तर पेशंट कधी बघायचे?" ते खरं होतं. वर्षभर कॉम्प्युटरवाली त्यावरून सगळ्या वॉर्डांशी भांडत होती. "तुम्हीसुद्धा मलाच विचारताय?"

"मी सगळ्यांनाच विचारणार आहे. खरं सांग, ती ओळ तू बघितली होतीस का?"

धाकटीने मान वर केली. "नाही," म्हणाली आणि पुढे एक अक्षर बोलली नाही. ते गप्प बसणंही कॉम्प्युटरवालीला संशयास्पदच वाटलं. संशय एकदा डोक्यात शिरला की बोलणाराही चोर आणि न बोलणाराही चोर.

खोलीत परत आली तर काका तिच्याकडे रोखून पाहत होते. "रविवारी काय काय केलंस तू?"

रविवारी तिने टेम्प्लेट इंजिन बदललं होतं. साठवलेली नोंद घेऊन तिचं पान बनवतो, तो प्रोग्रामचा भाग. जुनं फार जुनं झालं होतं. नवं जास्त सुरक्षित, सगळ्या जगाने घेतलेलं.

ती खुर्चीत टेकली आणि तिला सगळं एका झटक्यात दिसलं. एवढी साधी चूक, की कुणाला सांगायचीही चोरी.

ब्राउझरला '<' दिसलं की तो समजतो, इथून हुकूम सुरू झाला. म्हणून ते चिन्ह पानावर दाखवायचं असेल तर वेष्टनात गुंडाळून पाठवावं लागतं: '&lt;'. ब्राउझर वेष्टन सोडतो आणि वाचणाऱ्याला '<' दिसतं. वेष्टन सुरू होतं ते '&' ने, म्हणून '&' सुद्धा गुंडाळावं लागतं, त्याचं '&amp;' होतं. जुनं इंजिन स्वतः काहीच गुंडाळायचं नाही. म्हणून आठ वर्षांपूर्वी तिने शहाणपणा करून नोंद सेव्ह होतानाच गुंडाळायची सोय केली होती. नवं इंजिन मात्र कुणावर विश्वास ठेवत नाही. जे हातात येईल ते, आधी गुंडाळलेलं असो नसो, पान बनवताना स्वतः गुंडाळतं. झालं, वेष्टनावर वेष्टन. ब्राउझर सोडतो एकच. आतलं दुसरं तसंच्या तसं पडद्यावर येतं.

आणि प्रोग्राममधली, सेव्ह होताना गुंडाळणारी आपलीच जुनी ओळ काढायला ती विसरली होती.

"म्हणजे तुझ्या जावेने काही केलं नाही," काका म्हणाले. "कचरा तुझा."

"चिन्हांचा कचरा माझा. पण तीन पन्नासचं सेव्ह? ती दोनदा म्हणते. आणि ओळ तिथे नव्हतीच म्हणते. डॉक्टर म्हणतात होती."

"बॅकअप बघ."

"बॅकअप एकच असतो ना आपला! रोज रात्री कालच्यावर आजचा. शनिवार-रविवारचं सगळं काल रात्री पुसलं गेलं. रविवारी मी प्रत घेतली ती प्रोग्रामची, नोंदींची नाही." कागद तर वर्षभरापूर्वीच बंद झाले होते. स्वतः मोठ्या मॅडमनी रिबीन कापली होती.

तिने चाचणीसाठी ठेवलेल्या खोट्या पेशंटची शीट उघडली. जुन्या नोंदीत '<' होतं, ते '&lt;' दिसत होतं. नुसतं उघडून, काहीही न बदलता, सेव्ह केलं. '&amp;lt;' झालं. पुन्हा सेव्ह. '&amp;amp;lt;'. फॉर्ममध्ये आलेली चिन्हं प्रोग्रामला खरा मजकूर वाटत होती. तो ती इमानाने पुन्हा गुंडाळून ठेवत होता. त्यात शीटला सेव्हचं बटण एकच. सिस्टरने नुसता ताप लिहिला तरी डॉक्टरांच्या सूचनांसकट सगळी शीट पुन्हा सेव्ह व्हायची. सोमवारी एखाददुसरं चिन्ह विचित्र दिसलं तेव्हा कुणी फोन केला नव्हता; मंगळवारपर्यंत ओळी फुगल्या होत्या.

फोन पुन्हा घणघणला. बालरोगच्या सिस्टर संतापल्या होत्या: डोसच्या ओळी वाचता येत नव्हत्या आणि दर तासाला आणखी वाचेनाशा होत होत्या. "कागदावर लिहा, फोनवर डॉक्टरांकडून खात्री करून घ्या," तिने सांगितलं आणि हाच निरोप सगळ्या वॉर्डांना दिला.

काकांनी एव्हाना चार ओळींचा प्रोग्राम लिहून ठेवला होता. "साफसफाई. सगळ्या नोंदींतली वेष्टनं सुटेपर्यंत सोडायची. तू सेव्हवरचं ते काढून टाक, मी हे चालवतो. दहा मिनिटांत हॉस्पिटल मोकळं."

शहाण्या माणसाने हेच केलं असतं. तिनेही मान हलवली. काकांचं बोट बटणावर गेलं आणि तिला एक घाणेरडी शंका आली: काकांना एवढी घाई का? सगळ्या नोंदींच्या किल्ल्या काकांकडेही होत्या. डॉक्टर आणि काका दुपारचा चहा बरोबर प्यायचे.

"थांबा!" ती एवढ्या जोरात ओरडली की काकांचा चष्मा नाकावर घसरला.

"काय झालं?"

"आधी त्या शिंपीकाकांची शीट बघू द्या. पुसलं तर लोक म्हणतील, जावेसाठी पुरावा पुसला."

"तुला माझाच संशय येतोय," काका शांतपणे म्हणाले. ते खरं होतं. काकांनी हात मागे घेतला, खुर्ची फिरवली आणि तिच्याकडे पाठ करून बसले. "बघ. सावकाश बघ."

आतापर्यंत तिने फक्त डॉक्टरांच्या मोबाइलवरची ती एक ओळ पाहिली होती. आता आख्खी शीट उघडली. आयसीयूने पेशंट दाखल झाल्याची नोंद केली की वॉर्डची शीट बंद होते, मग तिच्यावर कुणाला सेव्ह करता येत नाही; काल ती नोंद चारला झाली होती. म्हणजे तीन पन्नासला जशी होती तशी ती समोर होती. सूचनांच्या चौकटीत दोनच ओळी:

बीपी &amp;amp;amp;lt; 90 असल्यास गोळी थांबवा
ऑक्सिजन &lt; 92 झाल्यास लगेच फोन

तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोजलं. एक, दोन, तीन amp. रविवारनंतर शीट तीनदा सेव्ह झाली होती. दोन धाकटीच्या. तिसरी तीन पन्नासची, कुणाची तरी.

मग तिने दुसरी ओळ मोजली. तिथे एकही नव्हता.

बीपीची ओळ डॉक्टरांनी शनिवारी लिहिली होती, त्यात कुणाचंच दुमत नव्हतं. ऑक्सिजनची ओळही शनिवारची असती तर तीही तीन सेव्हांतून गेली असती. तिच्या अंगावरही तेवढीच वेष्टनं चढली असती. प्रोग्राम बिघडला होता खरा, पण तो कुणाची ओळ आहे हे बघून बिघडत नव्हता. ही ओळ कोरी करकरीत होती. शेवटच्या सेव्हमध्येच कुणीतरी ती पहिल्यांदा टाइप केली होती, पेशंट आयसीयूत गेल्यावर.

"काका," ती म्हणाली. "इकडे या. माझं चुकलं."

काका आले, वाकले, दोन्ही ओळी मोजल्या, आणि पुन्हा मोजल्या. "अरे देवा," म्हणाले. "आणि मी हे पुसणार होतो." त्यांनी आपला प्रोग्राम बंद केला. तिने शीटची मूळ नोंद जशीच्या तशी छापून घेतली आणि त्यावर काकांची सही घेतली. सही करताना काका म्हणाले, "चहा आम्ही क्रिकेटसाठी पितो बरं का." ती शरमून हसली.

चार वाजता मोठ्या मॅडमच्या खोलीत तिने आधी आपली चूक सांगितली. तसं केल्यावाचून पुढचं कुणाला कळलंच नसतं. रविवारी इंजिन बदललं, सेव्हवरची ओळ काढायला विसरले, सगळ्या हॉस्पिटलच्या नोंदी माझ्यामुळे बिघडल्या. मोठ्या मॅडमच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण त्या ऐकत राहिल्या. मग तिने लॅपटॉपवर खोटा पेशंट उघडला आणि सेव्हचं बटण मोठ्या मॅडमनाच दाबायला लावलं. त्यांनी दाबलं, चिन्ह वाढलं. पुन्हा दाबलं, पुन्हा वाढलं. मग तिने खाली एक नवी ओळ लिहून सेव्ह केली. जुनी ओळ आणखी फुगली, नवी साधीच राहिली. शेवटी तिने छापलेला कागद पुढे ठेवला.

"मशीनच बिघडलंय म्हणता," डॉक्टर म्हणाले, "मग त्याची साक्ष कशी धरायची?"

"बिघडलंय, पण सगळीकडे सारखं बिघडलंय. दोन ओळी एका चौकटीत आहेत, डॉक्टर. एकीवर तीन आणि दुसरीवर शून्य, असं ते करू शकत नाही."

"तिनेच माझी ओळ खोडून पुन्हा लिहिली असेल."

"स्वतःला अडकवणारी ओळ ती जशीच्या तशी पुन्हा कशाला लिहील?" मोठ्या मॅडम म्हणाल्या. त्यांनी कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि बोटाने मोजला. मग चष्मा काढून डॉक्टरांकडे पाहिलं. "पेशंटला घेऊन सिस्टर आयसीयूत गेल्यावर तिच्या टेबलाशी कोण बसलं होतं?"

डॉक्टरांनी घसा खाकरला.

"औषधं बघायला बसलो होतो," ते शेवटी म्हणाले. "शनिवारी मला ते लिहायचंच होतं, मॅडम. मी लिहिलं होतं असंच मला वाटत होतं. बघतो तर नव्हतं. मग लिहिलं."

"आणि सकाळी सिस्टरवर ढकललंत."

कॉम्प्युटरवालीला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला फक्त इथून बाहेर पडावंसं वाटत होतं. मोठ्या मॅडमनी दोघांनाही लेखी द्यायला सांगितलं, डॉक्टरांना आणि तिला. सिस्टरवरची तक्रार त्यांनी तिथल्या तिथे फाडली. मग कॉम्प्युटरवालीने खाली येऊन सेव्हवरची ती जुनी ओळ काढली, नोंदींची एक प्रत बाजूला ठेवली आणि काकांनी साफसफाई चालवली. साडेपाचला वॉर्डांचे फोन थांबले.

धाकटी पार्किंगमध्ये कॉम्प्युटरवालीच्या स्कूटरपाशी उभी होती. तिला सगळं कळलं होतं. हॉस्पिटलात बातमी लिफ्टच्या आधी पोचते. कॉम्प्युटरवाली जवळ आली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सुटलीस गं बाई."

"हो," धाकटी म्हणाली. "ते amp की काय ते, तीन होते म्हणे."

"तीन. तुझे दोन आणि त्याचा एक. बरोबर हिशेब लागला. तू दोनदा म्हणालीस, ते अगदी खरं निघालं."

धाकटीने मान डोलावली. हेल्मेट हातात घेतलं, पण घातलं नाही. "मला एक सांगा, ताई. मी दिवसभर तेच आठवत बसले होते. ताप लिहिला, बीपी लिहिलं. मधे लघवीचं माप लिहिलं होतं का नव्हतं, मला नक्की आठवत नव्हतं. मी अंदाजानेच म्हटलं दोनदा. धरा, तीनदा असतं. मग तुम्हाला चार सापडले असते."

"पण ऑक्सिजनची ओळ तर..."

"ते मला नाही कळत. मी माझ्याबद्दल विचारतेय. स्टाफरूममध्ये तुम्ही मला बघत होतात तेव्हा. मग तुम्ही काय म्हणाला असतात?"

पार्किंगमधून एक अँब्युलन्स सायरन न वाजवता सावकाश बाहेर पडली. कॉम्प्युटरवालीला खूप काही बोलता आलं असतं: मी वेळेवर बटण थांबवलं, माझी चूक मी सगळ्यांसमोर कबूल केली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण धाकटी तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्या नजरेपुढे तिला खोटं बोलवेना.

"म्हणाले असते, खोटं बोलते," ती म्हणाली.

"हं," धाकटी म्हणाली. "मला तसंच वाटलं होतं." तिने हेल्मेट स्कूटरच्या आरशावर अडकवलं, आणि रोज ताईच्या मागे बसणारी ती आज बसस्टॉपच्या दिशेने चालू लागली.